मदत हवी आहे: दोन कॉस्टिंगच्या नफ्यातला फरक मे महिन्यात जुळत नाही

आमच्याकडे एकच प्रॉडक्ट आहे. कारखान्याचा स्थिर खर्च महिन्याला ६,००,००० रुपये, नॉर्मल कपॅसिटी १०,००० नग आणि स्टॉक फिफोने.

एप्रिलमध्ये ओपनिंग स्टॉक नव्हता. १०,००० नग बनवले, ८,००० विकले. नगामागे ६० रुपये स्थिर खर्च धरला, म्हणून शिल्लक २,००० नगांत १,२०,००० रुपये अडकले. अ‍ॅब्सॉर्प्शनचा नफा व्हेरिएबलपेक्षा तेवढाच जास्त आला. इथवर सगळं सरळ.

मेमध्ये ८,००० बनवले, ९,००० विकले, स्टॉक १,००० वर आला. आता अ‍ॅब्सॉर्प्शनचा नफा कमी दिसणार हे उघड आहे. पण सॉफ्टवेअर ४५,००० ने कमी दाखवतं आणि माझ्या हाताने ६०,००० येतात. विक्री, व्हेरिएबल खर्च आणि नगांची मोजणी तपासली, तिथे चूक नाही. फरक दराचा आहे: सॉफ्टवेअरने मेचा दर प्रत्यक्ष उत्पादनावर ७५ धरला, म्हणून क्लोजिंगमध्ये ७५,००० राहिले. मी ६० च ठेवला आणि न शोषलेले १,२०,००० थेट मेच्या खर्चात टाकले. ही रक्कम दोन्ही पद्धतींत मेमध्येच खर्ची पडते, त्यामुळे ताळमेळात तिची वेगळी ओळ नको असं माझं मत.

एएस २ प्रमाणे उत्पादन घटलं म्हणून नगामागचा स्थिर खर्च वाढवता येत नाही, त्यामुळे वार्षिक ताळेबंदात ६० च धरणार. अडचण मासिक एमआयएसची आहे, कारण सॉफ्टवेअरमधला दर वर्षाच्या मध्ये बदलता येत नाही. तिथे ७५ तसाच ठेवून क्लोजिंगमधले जादा १५,००० दर महिन्याला वेगळ्या नोंदीने काढावेत, की फक्त मार्चअखेर?