एडकारमध्ये डिझायरला २ आले म्हणजे सिस्टर्सना करायचंच नाही असं धरायचं का?

नवीपेठकर
सोलापुरातल्या एका १२० बेडच्या हॉस्पिटलात अॅडमिनला आहे. डिजिटल रेकॉर्ड सुरू करून चार महिने झाले, तरी वॉर्डात कागदच चालतोय. बदल स्वीकारताना माणूस कुठं अडलाय हे बघायची एडकार म्हणून पद्धत आहे, तिच्या पाच मुद्द्यांवर स्टाफकडून ५ पैकी मार्क भरून घेतले. सरासरी आली अवेअरनेस ४, डिझायर २, नॉलेज ४, अॅबिलिटी २, आणि रीइन्फोर्समेंट, म्हणजे बदल टिकवायला मिळणारं पाठबळ, १. ओळीनं बघत जाऊन जिथं पहिल्यांदा ३ किंवा कमी येतात तिथं गाडी अडलीय असं धरतात, म्हणजे आमच्याकडं इच्छाच नाही. न करणाऱ्यांचं इन्क्रिमेंट थांबवावं असं मॅनेजमेंटचं म्हणणं आहे. बरोबर होईल का?

सर्व्हररूम
मी हॉस्पिटलांची सॉफ्टवेअरच बसवतो. इन्क्रिमेंटला हात लावू नका पण कागद बंद करायची तारीख मात्र जाहीर करा. दोन्ही चालू ठेवलं की माणूस सवयीच्या बाजूलाच जातो, हे मी चार-पाच ठिकाणी बघितलंय. एका ठिकाणी ओपीडीचे केसपेपर छापायचेच बंद केले, आठवड्यात काऊंटर सुरळीत. नॉलेजला ४ आहेत म्हणजे ट्रेनिंग पोचलंय, आता राहिली फक्त मानसिकता. त्याच सिस्टर मोबाईलवर सगळं झटझट करतात की ओ.

मेट्रनताई
ओपीडी काऊंटरला प्रत्येक क्लार्कसमोर आपापला कॉम्प्युटर असतो आणि पेशंट त्याच्याकडं चालत येतो. वॉर्डात सिस्टर पेशंटकडं जाते आणि कॉम्प्युटर राहतो नर्सिंग स्टेशनला. तिथला अनुभव इथं चालत नाही, आणि वॉर्डात कागद असा एका दिवसात बंद केला तर रात्रीचं औषध चुकेल, म्हणून मला हे बोलावंच लागतंय.

नवीपेठकर, तुम्ही सरासरी काढलीत तिथंच पहिली गडबड झाली. एडकार एकेका माणसासाठी आहे. ते तयार करणाऱ्या जेफ हायाटनी तसंच मांडलंय, की माणसं एकेक करून बदलतात. एकीचे डिझायरला ४ आणि दुसरीचा १ असेल तर दोघींचं अडलेलं ठिकाण वेगळं, सरासरीत दोघीही दिसत नाहीत.

दुसरं म्हणजे रात्रपाळीचा हिशोब मांडून बघा. मेल मेडिकल वॉर्डात २६ पेशंट धरा, दोन सिस्टर, एक कॉम्प्युटर. रात्री १० ला बीपी, पल्स, टेंपरेचर, ऑक्सिजन. पेशंट शोधा, फाईल उघडा, चारी आकडे टाका, सेव्ह करा, नेट बरं असलं तरी तीन मिनिटं जातात. २६ गुणिले ३, अठ्ठ्याहत्तर मिनिटं, तेही एकाच कीबोर्डवर. टीपीआर चार्टवर तेच काम खाटेजवळ उभ्या उभ्या वीस सेकंदात होतं. मग त्या काय करतात, आकडे कागदाच्या चिठोऱ्यावर नाहीतर हातावरच्या चिकटपट्टीवर लिहून ठेवतात आणि वॉर्ड शांत झाला की पहाटे ३ ला बसून सगळं एकदम टाकतात. हे रोज करावं लागलं की फॉर्मवर ‘तुम्हाला ही सिस्टीम हवी आहे का’ ला २ च पडणार. अडचण अॅबिलिटीची आहे पण मार्क डिझायरचे कापले जातात.

ओळखायचं कसं? सिस्टीममध्ये दोन वेळा असतात, आकडा घेतला ती आणि एन्ट्री झाली ती. आयटीकडून एका आठवड्याच्या दोन्ही काढून घ्या. १० च्या सगळ्या एन्ट्र्या पहाटेच्या तास-सव्वा तासात गोळा झालेल्या असतील तर त्या सिस्टर काम करतायत, वेळेवर करता येत नाहीये.

पतसंस्थावाला
आमच्या पतसंस्थेत कॉम्प्युटर आला तेव्हा असंच झालं, जुने कॅशियर वर्षभर रोजकीर्द वहीतच लिहायचे. मग त्यांच्याच शेजारी नवीन पोरगी बसवली, दोन महिन्यांत शिकले. तुम्ही पण ट्रेनिंग परत घ्या, सावकाश आणि मराठीत घ्या.

मेट्रनताई
दादा, शेजारी माणूस बसवणं एकदम बरोबर, हॉलमधल्या दोन तासांपेक्षा ते कितीतरी बरं. पण यांच्याकडं शिकून झालंय, दुपारी निवांत बसवलं तर करून दाखवतील. रात्री १० ला जमत नाही हा प्रश्न आहे.

डॉक्टर_होटगीरोड
मी कन्सल्टंट आहे, आणि राऊंडला मी कागदच मागतो, हे इथं उघड सांगतो. टीपीआरच्या कागदावर तीन दिवसांचा ताप एका नजरेत दिसतो, स्क्रीनवर तोच बघायला चार ठिकाणी क्लिक करावं लागतं आणि राऊंडला माझ्याकडं चाळीस पेशंट असतात. माझा आक्षेप एडकारवरच आहे. बदल बरोबरच आहे आणि माणूस अडलाय असं धरूनच ते सुरू होतं. स्क्रीन वाईट असेल, स्टाफ कमी असेल, तरी मार्क कापायचे माणसाचेच?

मेट्रनताई
डॉक्टर, आक्षेप अर्धा मान्य. सॉफ्टवेअर वाईट आहे हे एडकार आपणहून सांगत नाही, अॅबिलिटी कमी का आली हे विचारत खाली गेलं तरच ते सापडतं. पण तुमचा राऊंड हेच रीइन्फोर्समेंटच्या त्या १ चं कारण आहे. सिस्टरनं रात्रभर जागून कॉम्प्युटरमध्ये भरलं आणि सकाळी तुम्ही म्हणालात ‘चार्ट कुठाय’, तर उद्या ती आधी काय भरेल? डबल लिहिणं तिथून सुरू होतं.

माझ्या आधीच्या हॉस्पिटलात आम्ही एकाच वॉर्डात सात रात्री एक प्रयोग केला. ट्रॉलीवर टॅबलेट दिला, खाटेजवळच एन्ट्री, आणि सकाळचा राऊंड त्यावरच. बहुतेकींच्या एन्ट्र्या वेळेत यायला लागल्या, म्हणजे इच्छा होती. दोन सिनियर सिस्टर तरीही करेनात. जवळ बसून विचारलं तर एक म्हणाली, “कागदावर चुकलं तर रेघ मारून सही करता येते, इथं माझ्या नावानं चूक कायमची राहते आणि मेमो येतो.” तिला खरंच एका चुकीच्या एन्ट्रीवर मेमो मिळाला होता. तिचं अडलेलं होतं डिझायर, आणि त्याला टॅबलेट हा इलाज नव्हता. दुरुस्त केलेल्या एन्ट्रीवर मेमो नाही असं लेखी दिल्यावर ती हळूहळू आली. दुसरी शेवटपर्यंत आली नाही. अशा वातावरणात इन्क्रिमेंट थांबवलं तर ती पहिली भीतीच खरी ठरेल.

सर्व्हररूम
टॅबलेटचं पटलं. कॉम्प्युटर किती लागतील हे आम्हीसुद्धा बेडवरून मोजतो, पाळीवरून मोजत नाही, ही आमची चूक. तरी कागदाला तारीख लागतेच या मतावर मी ठाम आहे. मेल मेडिकलला सात रात्री झाल्यावर द्या, पण द्या.

नवीपेठकर
आज आयटीकडून वेळा काढून घेतल्या. मेल मेडिकलच्या १० च्या एन्ट्र्या बहुतेक ३ ते ४ च्या मधल्या. फिमेल वॉर्डात मात्र दिवसाच्या एन्ट्र्यापण उशिराच्या आहेत, तिथं काय चाललंय ते अजून कळलं नाही. इन्क्रिमेंटचा विषय मी मीटिंगमधून काढायला सांगितलाय, मान्य होईल का बघू.

पण एक अडचण राहतेच. जनआरोग्य योजनेचा आमचा डेस्क क्लेमसाठी सहीचे कागद स्कॅन करून टाकतो, म्हणजे त्या पेशंटांचा कागद बंद होणारच नाही. एकाच वॉर्डात निम्मे पेशंट कागदावर आणि निम्मे स्क्रीनवर असतील तर पाळी बदलताना सिस्टरनं ओव्हर कशावरून द्यायचा?

मेट्रनताई
निम्मं-निम्मं अजिबात करू नका, ओव्हरला त्यातच पेशंट सुटतो. सगळ्यांची एन्ट्री सिस्टीममध्येच आणि योजनेच्या पेशंटांचं डिस्चार्जच्या वेळी प्रिंट काढून सही, असं आम्ही केलं होतं. तुमचा डेस्क प्रिंटवरची सही चालवून घेतो का हे आधी त्यांनाच विचारा, आमच्याकडं काही कागद परत आले होते.