कुल्फीचं दूध निम्मं आटवायचं की तिसरा हिस्सा? साखर कोणत्या लिटरला?

हडपसरकर: पिशवीचं फुल क्रीम दूध १० लिटर, मोठ्या कढईत काडीला खूण करून बरोबर निम्म्यावर आणलं. साखर लिटरला १०० ग्रॅम, म्हणजे किलोभर. ६० मिलीचे साचे ९० तरी भरतील असा हिशेब होता, भरले ६०. चव गोडमिट्ट, आणि चार दिवसांनी जिभेवर वाळू लागतेय. चुकलं कुठे?

पेठेतली भट्टी: कुठेच नाही. १० लिटरला ६० हाच खरा माल. दूध तिसऱ्या हिश्श्यावर आल्याशिवाय त्याला कुल्फी म्हणू नये, निम्म्यावर उतरवलेलं म्हणजे पातळ बासुंदी गोठवलेली. ९० निघाल्या असत्या तर दातांखाली बर्फ आला असता. गोडाचं म्हणाल तर गार पदार्थ जिभेला कमीच गोड लागतो, म्हणून गरम असताना चाखून थोडं जास्त वाटेल इतकी साखर लागतेच. तुमची जरा पुढे गेली आणि तीच मागाहून खडे धरून बसली. पुढच्या वेळी ८०० ग्रॅम घाला, वाळू जाईल.

वजनकाटा: भट्टीकाका, गार चवीचं बरोबर, वाळूचं नाही. वरून घातलेली साखर एवढ्या पाण्यात आरामात विरघळलेली राहते. वाळू होते ती दुधाच्या स्वतःच्या साखरेची. १० लिटरमध्ये ती जवळपास अर्धा किलो असते, फारशी गोड नसते आणि गार पाण्यात फार कमी विरघळते. पाणी जास्त उडालं की तिला जागा उरत नाही, मग फ्रीजरमध्ये पडल्या पडल्या तिचे बारीक कण होतात. ओळखायची खूण सोपी आहे. कुल्फीचा तुकडा जिभेवर धरा. बर्फाची कचकच असेल तर क्षणात विरेल, ही वाळू कुल्फी विरघळल्यावरही जिभेवर राहते.

हडपसरकर, तुमचा घोटाळा कढईत आहे. निम्मी उंची म्हणजे निम्मं दूध हे सरळ भिंतीच्या पातेल्यात खरं. कढई खाली निमुळती. अर्ध्या गोळ्यासारखी खोल कढई काठोकाठ भरली असेल तर निम्म्या उंचीला तिच्यात जेमतेम ३१ टक्के दूध उरतं. पसरट कढईत त्याहून कमी, पाव हिश्श्याच्या आसपास. तुम्ही निम्मं समजून तिसऱ्या हिश्श्यावर आणलंत आणि साखर मात्र निम्म्याच्या हिशेबाने घातलीत.

ताळा करून बघा. १० लिटर दूध म्हणजे १० किलो ३०० ग्रॅम. तिसरा हिस्सा उरला साधारण ३ किलो ४०० ग्रॅम, त्यात किलो साखर, एकूण ४ किलो ४००. म्हणजे मालात जवळजवळ २३ टक्के साखर, गोडमिट्ट लागणारच. एवढा दाट माल आकारमानाने पावणेचार लिटरच्या आतच बसतो. ६० मिलीचे साचे ६२, भांड्याला चिकटलेलं वजा करा, ६०. तुमचा आकडा बरोबर जुळतो.

गाईच्या दुधाची कुल्फी: मी १ लिटर गाईचं दूध निम्मं आटवते, त्यात कंडेन्स्ड मिल्कचा डबा आणि १०० ग्रॅम साखर घालते. माझी तर सेटच होत नाही, काडी उपटून हातात येते. मीही कढई बदलू का?

वजनकाटा: ताई, कढई राहू द्या, साखर थांबवा. ४०० ग्रॅमच्या डब्यात किमान १६० ग्रॅम साखर असतेच. वरची १०० धरून तुमच्या किलोभर मालात पाव किलोहून जास्त साखर झाली. घरचा फ्रीजर ती घट्ट धरू शकत नाही. डबा असेल तर वेगळी साखर शून्य.

हडपसरकर: काल कढईत लिटरच्या मापाने पाणी ओतून पाहिलं. १० लिटरला जिथे खूण होती, तिच्या बरोबर निम्म्यावर सव्वातीन लिटरच मावलं! मग आता थांबायचं कुठे? काडीवर खुणा पाण्याने करून घेऊ का?

वजनकाटा: पाण्याने केलेल्या खुणा चालतील, पण उकळत्या दुधावर फेस आणि कडेला साय, काडी नीट वाचता येत नाही. त्यापेक्षा रिकामी कढई उलथण्यासकट एकदा तोला आणि वजन तिच्या कानावर लिहून ठेवा. माझं माप: १० लिटर फुल क्रीम ४ किलो ४०० ग्रॅमवर आणायचं. कढई ४ किलोची असेल तर काटा ८ किलो ४०० दाखवला की गॅस बंद. कडेची साय खरवडून आत ढकलल्याशिवाय तोलू नका, ती वाळून चिकटली की तेवढ्या कुल्फ्या घासणीत जातात.

साखर नेहमी उरलेल्या दुधावर, किलोला १७५ ग्रॅम. इथे ती ७७० ग्रॅम होते. "लिटरला इतकी" हे माप अर्धवट आहे, कारण कच्चं लिटर की आटलेलं ते कोणी सांगत नाही. याच गोडीसाठी निम्म्यावर थांबलात तर कच्च्या लिटरला ९० ग्रॅम लागते आणि तिसऱ्या हिश्श्यावर ६० पुरते. एकूण माल ५ किलो १७० ग्रॅम, आकारमान साडेचार लिटरच्या थोडं वर. साचे ७५ धरा. साखरही जागा घेते हं, १०० ग्रॅममागे साधारण ६० मिली. हे विसरलं की साचे कमी पडतात.

पेठेतली भट्टी: कढईचं मान्य, मी आयुष्यभर खोंचाला दूध कसं चिकटतं ते बघून उतरवत आलो, काडी लावलीच नाही. पण ४ किलो ४०० वर थांबायचं नाही पटत. माझा माल सकाळी साच्यात, बर्फ-मिठात, रात्री संपतो. वाळू धरायला वेळच मिळत नाही. आणि तिसऱ्या हिश्श्याला जो खरपूस वास येतो, तो तुमच्या ७५ मध्ये कुठे?

वजनकाटा: त्याच दिवशी संपत असेल तर तुमचा तिसरा हिस्सा खुशाल चालू ठेवा, साखर ६०० ग्रॅमवर आणा म्हणजे झालं. हडपसरकरांचा माल आठवडाभर फ्रीजरमध्ये राहतो, त्यांना तो परवडणार नाही.

पेठेतली भट्टी: ६०० अळणी. ७०० च्या खाली मी जात नाही. आणि त्यातली मूठभर सुरुवातीलाच दुधात, रंगासाठी.

वजनकाटा: मूठभर घाला, पण आधी तोलून, आणि काट्याच्या शेवटच्या आकड्यात ती मिळवा. बाकीची शेवटीच. साखर पडली की दाट दूध एकदम सैल दिसतं, लोक घाबरून अजून अर्धा तास आटवत बसतात. पाच-सात मिनिटं उकळी, बास. गार झालं की आपोआप घट्ट होतं.

हडपसरकर: उद्या ५ लिटर ४ किलो ४०० च्या हिशेबाने आणि ५ लिटर काकांच्या हिशेबाने करतो. सातव्या दिवशी दोन्हीचा एकेक साचा फोडून इथेच लिहितो. काका, तुमच्या ५ लिटरला साखर ३५० धरू ना?

पेठेतली भट्टी: ३५० धरा. पण सातव्या दिवशी कशाला, त्याच रात्री खा!