आधी हिशेब की आधी कायदा? मेसोपोटेमियातील लेखनाचा आरंभ

विहंग (धागाकर्ता): तैग्रिस-युफ्रेटिसच्या काठी लेखन सुरू झाले ते राज्याचे नियम ठरवण्यासाठी की मालाची नोंद ठेवण्यासाठी? माझ्या मते नियमांसाठी, कारण लेखी कायद्याविना एवढी मोठी शहरे चाललीच नसती.

मृण्मयी: शहरे चालली होती. उरुकच्या सर्वांत जुन्या पाट्या इ.स.पू. ३३०० च्या सुमाराच्या आहेत. त्यांवर धान्य, मेंढ्या, बिअर आणि मजुरांचा शिधा यांच्या नोंदी आहेत. कायदा एकही नाही. आज माहीत असलेला सर्वांत जुना कायदासंग्रह उरचा राजा उर-नम्मू याचा, आणि तो त्यानंतर सुमारे बाराशे वर्षांनी येतो. पाट्यांआधी मातीच्या पोकळ गोळ्यात मोजणीच्या गोट्या बंद करून वरून मुद्रा फिरवत असत. आत किती गोट्या आहेत हे पाहायला गोळा फोडावा लागे, म्हणून गोट्यांचे ठसे बाहेर उमटवू लागले, आणि आकडा बाहेरच दिसू लागल्यावर गोट्यांची गरज संपून सपाट पाटी आली, असे अनेक अभ्यासक मानतात.

नीलकंठ: हा पुरावा एकांगी आहे. उरुकच्या त्या पाट्या मंदिर परिसरातील टाकून दिलेल्या ढिगांत आणि भरावात सापडल्या. कार्यालयाच्या कचऱ्यात हिशेबच मिळणार. शिवाय बाबिलोनचा राजा हम्मुराबी याचा कायदे कोरलेला शिलास्तंभ पाहा. न्यायाधीश त्यावरील कलमे वाचूनच निकाल देत असत.

मृण्मयी: कचऱ्याचा मुद्दा मला मान्य आहे, स्तंभाचा नाही. त्या काळातील खटल्यांच्या असंख्य पाट्या उपलब्ध आहेत, पण निकालात त्या संग्रहातील कलमाचा आधार दिल्याचे जवळजवळ आढळत नाही. न्यायाधीश साक्षीदार, शपथ आणि करारपत्र पाहत. करार मातीच्याच पाकिटात बंद करून तोच मजकूर पाकिटावर पुन्हा लिहीत, म्हणजे बाहेरच्या मजकुरात कोणी फेरफार केल्याचा संशय आला तर पाकीट फोडून आतली पाटी पडताळता येई.

जुना अडत्या: आमच्या वडिलांनी एका व्यापाऱ्याला रोख रक्कम पोचवली, पण पावती घ्यायची राहिली. पुढे त्याने हात वर केले आणि पैसे बुडाले. तेव्हाच्या लोकांनी यावर काही उपाय केला होता का?

मृण्मयी: हम्मुराबीच्या संग्रहात नेमका हाच प्रसंग आहे. सावकाराचा माल घेऊन फिरणाऱ्या अडत्याने चांदी परत करताना मुद्रांकित पावती घ्यावी. निष्काळजीपणाने घेतली नाही, तर ती चांदी हिशेबात धरली जाणार नाही. पावतीची रीत आधीपासून रुळलेली होती म्हणूनच कायद्याला ती गृहीत धरता आली, असे मला वाटते.

नीलकंठ: पण पावती नसेल तर नुकसान कोणाचे, हे कोणीतरी ठरवल्याशिवाय पावतीला किंमत येत नाही. तो नियम तोंडी असेल, तरी आधी तोच होता.

सिंधुकाठ: सिंधू संस्कृतीला वगळू नका. मेलुहा, म्हणजे बहुधा सिंधू प्रदेश, येथील व्यापाऱ्यांचे उल्लेख मेसोपोटेमियाच्या पाट्यांत आहेत, हडप्पाची वजने काटेकोर होती आणि लोथलला मुद्रांचे ठसे उमटलेल्या मातीच्या लाखोट्या मिळाल्या आहेत. लिपी वाचली गेलेली नाही, म्हणून त्या मुद्रांवर मालकाचे नाव होते की मालाची नोंद, याचा निवाडा आज कोणत्याच बाजूला करता येत नाही.