मदत हवी आहे: शेवटी ट आणि ड एकच होतात, मग मूळ आवाज कुठला हे ठरवायचं कसं?

अडकलेला_विद्यार्थी
उद्या दुपारी गृहपाठ परत द्यायचाय आणि मी दोन दिवस एकाच ठिकाणी अडकलोय. डावीकडे एकटा शब्द, उजवीकडे प्रत्यय लागल्यावरचा:

टाक – टागे (दिवस)
दीप – दीबे (चोर)
हुंट – हुंडे (कुत्रा)

मी नियम लिहिला की पुढे स्वर आला की अघोष व्यंजन घोष होतं, म्हणजे क चा ग, प चा ब, ट चा ड. सगळीकडे नीट बसतो. सरांनी त्यावर रेघ मारून 'उलट' एवढंच लिहिलंय. काय उलट? मूळ शब्द टाक आहे हे दिसतंच आहे ना. खाली विचारलंय 'न्यूट्रलायझेशन कुठे होतंय', त्याचा तर पत्ताच नाही. प्लीज लवकर सांगा.

मुक्तछंद
भाषा कुठली? आणि डेटा एवढाच आहे का? या तीन ओळींवरून दोन्ही दिशांचे नियम बसतात, रेघ मारण्यासारखं काही नाही.

अडकलेला_विद्यार्थी
जर्मन. अजून तीन ओळी आहेत पण दोनमध्ये काही बदलतच नाही आणि तिसरी माझ्याच नियमाची आहे, म्हणून टाकल्या नव्हत्या.

बुंट – बुंटे (रंगीबेरंगी)
राट – राटेस (सल्ला)
राट – राडेस (चाक)

मुक्तछंद
अरे, गाळलेल्या ओळींतच उत्तर आहे! बुंटे मध्ये ट च्या पुढे स्वर आहे, मग तुझ्या नियमाने बुंडे व्हायला हवं होतं. झालं नाही. आणि दोन्ही राट बघ, एकटे असताना कानाला एकच शब्द, प्रत्यय लागला की एक राटेस, दुसरा राडेस. मूळ दोन्ही राट असतील तर कुठल्या राटचा ड करायचा आणि कुठल्याचा नाही हे नियम ठरवणार कसं? ती माहिती 'राट' मध्ये उरलेलीच नाही.
आता उलट कर. मूळ राड आणि राट, दोन वेगळे, आणि नियम असा की शेवटी घोष व्यंजन अघोष होतं. राडचा राट झाला, राट तसाच राहिला, आणि प्रत्यय लागला की ड शेवटी राहतच नाही म्हणून तो सुरक्षित. सहाच्या सहा ओळी निघतात, अपवाद एकही नाही. जिथे ट आणि ड चा फरक पुसला गेला ती शेवटची जागा, तेच तुझं न्यूट्रलायझेशन.

अभ्यंकर_काका
मी असहमत. एवढं अवघड करायची गरज नाही, शाळेत संधी शिकलो तेव्हा हेच होतं. जगत् + ईश = जगदीश. त चा द झाला, पुढे स्वर आला म्हणून. म्हणजे मुलाचा नियम बरोबर आहे, सरांनी उगाच कापलंय.

मुक्तछंद
काका, उदाहरण फार छान काढलंत पण ते अर्धंच घेतलंत. जगदीश मध्ये दोन शब्दांची सीमा आहे. त्याच जगत् ला विभक्तीचा प्रत्यय लावा, जगतः, जगता. पुढे स्वर आहे तरी त तो त च. आता सुहृद् घ्या. एकटं सोडलं, पुढे काही नाही, तर सुहृत् होतं (पाणिनीने ते विकल्पाने सांगितलंय, सुहृद् पण चालतं), आणि प्रत्यय लावला की सुहृदः. जगत्–जगतः आणि सुहृत्–सुहृदः, म्हणजे हुबेहूब राट–राटेस आणि राट–राडेस.

अभ्यंकर_काका
मग जगदीशचं काय करायचं?

मुक्तछंद
तीच तर गंमतीची गोष्ट. शब्दाच्या सीमेवर मूळ त आणि मूळ द दोघेही पुढच्या आवाजासारखे होतात, जगत्पती आणि जगदीश. त्या जागेला स्वतःचं घोष-अघोष मतच नाही. भाषाशास्त्रज्ञ त्रुबेत्स्कॉयने १९३९ च्या पुस्तकात अशा जागेच्या आवाजाला आर्कीफोनीम म्हटलं ते याचमुळे, त्याच्या मते तिथला आवाज धड ट पण नाही आणि ड पण नाही.

वरदा_लिहिते
मराठीत पण शेवटचा अ गळतो ना, नाग आपण नाग् म्हणतो. मग लिहिताना पाय का मोडत नाहीत? मला हे कायम खटकतं.

अडकलेला_विद्यार्थी
ताई ते नंतर बघू, उद्या दुपार आहे माझी.

स्वरयंत्र
नाही, वरदाचं उदाहरण उपयोगी आहे, वेगळ्या कारणासाठी. नाग आणि नाक. दोन्हींत शेवटी व्यंजनच उच्चारतो, तरी फरक टिकतो. म्हणजे 'शेवटी आलं की अघोष होणारच' असं नाही, जर्मन-रशियनमध्ये होतं, आपल्यात होत नाही.
पण भाषा याच दिशेला का घसरतात ते स्वतःवर करून बघा. ब साठी ओठ मिटा आणि न उघडता घशातला आवाज चालू ठेवा. गाल फुगतील आणि थोड्या वेळात आवाज बंद पडेल, कारण हवेला बाहेर जायला वाट नाही, तोंडातला दाब फुफ्फुसाकडच्या दाबाएवढा झाला की स्वरतंतू थरथरायचे थांबतात. ग ला तर अजून लवकर, कारण जीभ मागे टेकते आणि तिच्या मागे जागाच कमी. त्यात शब्दाच्या शेवटी पुढे स्वरच नसतो. ऐकणाऱ्याला घोष-अघोष कळतं त्यातलं बरंचसं पुढच्या स्वराच्या सुरुवातीवरून, तेच तिथे नाही. म्हणजे बोलणाऱ्याला टिकवायला जड आणि ऐकणाऱ्याला ओळखायला जड, एकाच जागी.

अभ्यंकर_काका
म्हणजे सरळ आळस. एवढंच म्हणा की.

स्वरयंत्र
आळस म्हटलं तर जर्मन माणूस 'राट इस्ट' म्हणताना पुढे स्वर असून ट च का म्हणतो ते सांगता येणार नाही. तिथे ड सोपा होता. कारण शारीरिक असेल, पण एकदा नियम झाला की तो जागा बघतो, सोय बघत नाही.

ध्वनिलहर
सगळे गृहीत धरून चाललेत की दोन राट अगदी सारखे असतात. पोर्ट आणि ओ'डेल या संशोधकांनी १९८५ मध्ये मोजलं, मूळ ड असलेल्या शब्दात आधीचा स्वर साधारण १५ मिलिसेकंद लांब निघाला. म्हणजे फरक पूर्ण पुसला जात नाही, मुक्तछंदांचा नियम फार कडक आहे.

मुक्तछंद
शब्द वाचायला दिले होते. जर्मन स्पेलिंगमध्ये चाक ड ने लिहितात, समोर ड दिसतोय म्हटल्यावर माणूस जरा जपून बोलतो.

ध्वनिलहर
म्हणूनच २०१४ च्या एका प्रयोगात बनावट शब्दांची अनेकवचनं नुसती ऐकवून त्यांचं एकवचन बोलून घेतलं, तरी फरक राहिला, साधारण ८ मिलिसेकंद.

मुक्तछंद
राहिला, पण एकवचन बोलताना डोक्यात नुकतंच ऐकलेलं अनेकवचन जागं असतं, त्याची सावली पडू शकते. मला अजून पटलेलं नाही की हा फरक बोलणाऱ्याला काही सांगण्यासाठी असतो.

अडकलेला_विद्यार्थी
नियम उलटा केला आणि सहा ओळी पुन्हा तपासल्या, बसतायत. टाक साठी मूळ टाग लिहिलं, बुंट साठी बुंटच. हे १५ आणि ८ मिलिसेकंद उत्तरात घालू का?

मुक्तछंद
प्रश्न फक्त 'कुठे होतं' आहे ना, मग नको. फक्त बुंटे ची ओळ पहिली लिही, तुझा जुना नियम तिच्यावरच मोडतो.

वरदा_लिहिते
आणि माझा पाय मोडायचा प्रश्न?

स्वरयंत्र
वेगळा धागा काढा, येतो तिथे.