अनुभव धागा: क्यूआरचा रोजचा गल्ला आणि बँकेत पडलेली रक्कम तुम्ही कशी जुळवता?

स्टेशनरीवाली

दुकान छोटं आहे, हिशेब मीच लिहिते. पण क्यूआरची रक्कम बँकेशी जुळवताना दोन वर्षं रडकुंडीला यायचे. दुकानदारांनी आपापले अनुभव इथे लिहावेत म्हणून हा धागा काढते आहे. सुरुवात माझ्यापासून.

एका मंगळवारी ॲपमध्ये दिवसाचा एकूण आकडा होता १८,६४० रुपये. बुधवारी सकाळी बँकेत जमा झाले १७,७२४.७८. फरक ९१५.२२. एवढे पैसे कापतात की काय, म्हणून माझ्या पोटात गोळाच आला.

अर्धा दिवस बसून उलगडलं ते असं. माझ्या कंपनीचा दिवस रात्री ९ ला संपतो, दुकान मात्र १० पर्यंत उघडं असतं. मंगळवारी ९ नंतर आलेली तीन पेमेंटं, मिळून १,३१०, पुढच्या सेटलमेंटमध्ये गेली. सोमवारी ९ नंतरचे ८४५ मंगळवारच्या सेटलमेंटमध्ये आले. म्हणजे ४६५ रुपये कुठे गेलेच नव्हते, फक्त दिवस बदलला होता. २६० रुपये मी आदल्या दिवशीच्या गिऱ्हाइकाला ॲपमधून परत केले होते, ते वळते झाले. साउंडबॉक्सचं महिन्याचं भाडं जीएसटीसकट ११८. एवढं मिळवूनही ७२.२२ उरत होते.

ते एकाच पेमेंटचे निघाले. ३,४०० रुपये एकाने क्रेडिट कार्डावरून, पण याच क्यूआरवर दिले होते. माझ्या करारात त्याला १.८ टक्के दर आहे: ६१.२० चार्ज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ११.०२. काउंटरवर साउंडबॉक्स फक्त रक्कम बोलतो, पैसे खात्यातून आले की कार्डावरून, ते सांगत नाही. ते कळलं रिपोर्टमधल्या पेमेंट मोडच्या रकान्यात.

तुमचं कसं चालतं?

हार्डवेअरवाला

ताई, तुमचे ७२ रुपये चुकीचे कापलेत. यूपीआयवर दुकानदाराला चार्ज नाही, जानेवारी २०२० पासून शून्य आहे. तक्रार टाका. माझा एक रुपया कापला जात नाही.

वह्या लिहिणारा

दादा, तुमचं अर्धं बरोबर आहे. बँक खात्यातून थेट आलेल्या यूपीआयला चार्ज शून्यच. पण रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं आणि त्याचं पेमेंट त्याच क्यूआरवर येतं. त्यात छोट्या दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंत चार्ज नाही, त्याच्या वर लागतो, आणि तो पूर्ण रकमेवर लागतो. ताईंचं पेमेंट ३,४०० चं होतं. तुमची बिलं लहान असतील किंवा गिऱ्हाईक खात्यातूनच देत असेल, म्हणून तुम्हाला दिसलं नाही.

मी पंधरा-वीस दुकानांच्या वह्या लिहितो. सगळ्यांची चूक एकच: तारखेला तारीख जुळवायला बसतात. ती जुळणारच नाही. बँकेत जमा झालेल्या रकमेपुढे एक यूटीआर, म्हणजे त्या जमेचा संदर्भ क्रमांक, असतो. ॲपमधून सेटलमेंटचा रिपोर्ट उतरवा, व्यवहारांचा नव्हे. त्यात प्रत्येक पेमेंटपुढे ते कोणत्या यूटीआरमध्ये गेलं हे लिहिलेलं असतं. त्या यूटीआरच्या ओळी गाळून घ्या आणि मूळ रकमांच्या बेरजेतून चार्ज, कर, भाडं, रिफंड वजा करून येणारी रक्कम काढा. ती त्या एका आकड्याला पैशापर्यंत जुळली पाहिजे.

वहीत मी ‘क्यूआर येणे’ असं वेगळं खातं ठेवतो. विक्री झाली की पूर्ण रक्कम तिथे नावे, सेटलमेंट आलं की जमा, आणि चार्ज, भाडं, रिफंड आपापल्या खात्यात. सेटलमेंट झाल्यावर त्या खात्यात जे शिल्लक राहील त्याला नाव देता आलं पाहिजे. ताईंच्या उदाहरणात मंगळवारच्या सेटलमेंटनंतर १,३१० राहायला हवेत, आणि ती तीन पेमेंटं बोट ठेवून दाखवता आली पाहिजेत. नाव न देता येणारी शिल्लक उरली की तिथेच थांबायचं, महिनाअखेरची वाट बघायची नाही.

मेडिकलवाला

माझं तर वेगळंच झालं. गिऱ्हाइकाने मोबाइलवर हिरवी टिक दाखवली, माल घेऊन गेला. बॉक्स बोलला नाही. दुसऱ्या दिवशीच्या सेटलमेंटमध्येही ते ४८० नाहीत. चार्ज म्हणून कापले का?

वह्या लिहिणारा

नाही, हा प्रश्न वेगळा आहे. जे पेमेंट ॲपच्या व्यवहारांच्या यादीत यशस्वी म्हणून नाही, ते सेटलमेंटमध्ये येतच नाही. गिऱ्हाइकाकडून बारा आकडी संदर्भ क्रमांक घ्या आणि तो यादीत शोधा. नसेल तर पैसे त्याच्या खात्यात परत जायला पाच दिवसांपर्यंत लागू शकतात. मग त्याच्याकडून पुन्हा मागायचे.

मेडिकलवाला

नंबर घेतला नव्हता. चेहरा ओळखीचा आहे, येईल तेव्हा विचारतो.

खेळणीवाली

मी सहा महिने समजत होते की मला ४ टक्के चार्ज लागतो. साडेआठ हजारांच्या आसपास विक्री आणि ३४० कापलेले, हिशेब बरोबर बसायचा. एकदा पावसात दिवसभर जेमतेम ३,१०० आले, तरी ३४० च गेले. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: टक्का असता तर विक्रीबरोबर खाली आला असता. तो ॲपवरून घेतलेल्या कर्जाचा रोजचा हप्ता होता, रिपोर्टमध्ये नुसतं ‘ॲडजस्टमेंट’ असं लिहिलेलं. कर्ज मीच घेतलं होतं, पण हप्ता सेटलमेंटमधूनच वळता होतो हे लक्षात नव्हतं. ते सगळे पैसे मी खर्चात चार्ज म्हणून धरून बसले होते. खरं तर त्यातलं बरंचसं मुद्दल होतं.

कापडवाला

मी बँकेत जे जमा होतं तेवढीच विक्री धरायचो. माझ्याकडे कार्डावरची पेमेंटं जास्त. मागच्या वर्षी आमच्या सल्लागाराने विवरण थांबवलं आणि सगळी बिलं पुन्हा जोडायला लावली. गिऱ्हाइकाला बिल ५,००० चं दिलं तर विक्री ५,००० च. कापलेला चार्ज हा माझा खर्च. त्या चार्जवरचा जीएसटी मला वजा मिळतो, पण त्यासाठी कंपनीचं महिन्याचं टॅक्स इन्व्हॉइस उतरवावं लागतं आणि आपला जीएसटी नंबर त्यांच्याकडे नोंदवलेला हवा. माझा नव्हता. वर्षभराचं क्रेडिट हातचं गेलं, त्याचं अजून वाईट वाटतं.

स्टेशनरीवाली

मी जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहे, मला तो वजा मिळत नाही. पण विक्री पूर्ण धरायची हे मलाही लागू आहे ना?

वह्या लिहिणारा

हो. कंपोझिशनचा कर उलाढालीवर असतो, त्यामुळे तुमच्यासाठी तर ते जास्तच महत्त्वाचं.

चष्मेवाला

माझा फरक पैशांचा यायचा, कधी ३ पैसे, कधी ५. जीएसटी मी महिन्याच्या एकूण चार्जवर काढत होतो, कंपनी प्रत्येक पेमेंटवर वेगळा काढून पूर्णांकित करते. ओळीनिहाय काढल्यावर जुळलं.

पण या महिन्यात दोन सेटलमेंटमध्ये १.१८ कमी आले, आणि ते कोणत्याही ओळीत नाहीत. १.१८ ने भागलं की बरोबर १ येतो, म्हणजे कसला तरी एक रुपया चार्ज आणि त्यावर कर असावा. कशाचा, ते कळत नाही. दोन्ही यूटीआर देऊन कंपनीला मेल केला आहे. उत्तर आलं, पण त्यात दरपत्रकच पाठवलंय आणि त्यात एक रुपयाची ओळ नाही. आणखी कुणाला असं दिसलंय का?

खेळणीवाली

मी आत्ता माझा रिपोर्ट उघडला. १४ तारखेला माझ्याकडेही १.१८ आहे. त्या दिवशी मी संध्याकाळी ‘आत्ताच जमा करा’ दाबलं होतं. तुम्ही दाबलं होतं का?

चष्मेवाला

एका दिवशी दाबलं होतं. दुसऱ्या दिवशी नाही, एवढं नक्की आठवतं. मुलगा दुकानात होता, त्याला विचारून लिहितो.