पंप रूमचं छप्पर: 16 प्लँक की 14?

सेक्रेटरी (ए-101): सर्वांना नमस्कार. पंप रूमच्या नव्या छताचं कोटेशन आलंय. प्रीकास्ट पोकळ प्लँक, 300 रुंद, 130 जाड, लांबी 3.26 मीटर, नग 16. खोली आतून 14 फूट 1 इंच × 9 फूट 2 इंच. जाणकारांनी नजर टाकावी.

बी-204 नाईक: 14 फूट 1 इंच म्हणजे 4.3 मीटर. भागिले 0.3, 14.33. म्हणजे 15 पुरतात की! सोळावा कशाला?

सी-302 कुलकर्णी काका: त्यांनी बाहेरून बाहेर माप धरलंय. 4300 अधिक दोन्ही भिंती 460, म्हणजे 4760. भागिले 300, आले 15.87, केले 16. लांबीही तशीच, 2800 अधिक 460. म्हणजे भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत प्लँक. नगही चुकला आणि लांबीही.

पण आधी फूट-इंच सोडा. भिंतीवरच्या काँक्रीट बँडच्या पातळीवर, प्लास्टर न धरता, मिलिमीटरमध्ये माप हवं. रुंदी तीन ठिकाणी, लांबी दोन ठिकाणी, आणि दोन्ही कर्ण. खाली जमिनीवर घेतलेलं माप इथे कामाचं नाही.

ए-101: प्लंबरला चढवलं. रुंदी 2795, 2800, 2815. लांबी दोन्हीकडे 4300. कर्ण 5125 आणि 5140.

सी-302 कुलकर्णी काका: कर्णांत 15 चा फरक, चालेल. भिंती जरा फाकल्यात, म्हणून टेकू तपासताना रुंदी 2815 च धरायची.

डी-403 शिंदे ताई: प्लँक आडव्या, म्हणजे 2.8 च्या दिशेने पडणार. काँक्रीट बँडवर टेकू कमीत कमी 75 मिमी हवा, थेट विटांवर असता तर 100. आपण बँडवरही 100 धरून लांबी काढू. 2800 अधिक दोनदा 100, म्हणजे 3000.

आता वाईट जागा तपासा. जिथे 2815 आहे तिथे 185 उरतात, मधोमध ठेवला तर दोन्हीकडे 92. पण गवंड्याने एका बाजूला 20 ढकलला, की दुसऱ्या टोकाला 72. म्हणून बँडवर आतल्या कडेपासून 100 वर दोरीने रेघ मारून घ्या आणि एक टोक त्या रेघेवरच ठेवा. मग रुंद जागीही पलीकडे 85 मिळतात.

बी-204 नाईक: ताई, भिंत 230 आहे. मग 3.26 घेऊन सगळी झाकली तर जास्त मजबूत नाही का?

डी-403 शिंदे ताई: नाही हो. टोकाबाहेर जे 130 उरतात ना, तिथे सळई टाकून जागेवर काँक्रीट भरायचं असतं. त्यानेच सगळ्या प्लँक एकमेकींना आणि भिंतीला बांधल्या जातात, पॅरापेटही त्याच्यावर उभा राहतो. प्लँक बाहेरपर्यंत आला तर बांधायला जागाच नाही, आणि पोकळ भोकं थेट पावसात उघडी. शिवाय वजन. दोन 90 च्या पोकळ्या वजा जाता मीटरला साधारण 62 किलो बसतात. 3 मीटरचा 187 किलो, 3.26 चा 203.

सी-302 कुलकर्णी काका: आता नग. "300 चा प्लँक" प्रत्यक्षात 290 असतो, 10 सांध्याचे. त्यामुळे 14 प्लँक म्हणजे 14 × 290 = 4060, अधिक 13 सांधे 130, एकूण 4190. खोली 4300, बाकी राहतात 110.

नाईक, 15 केले तर 4490. मग दोन्ही कडेच्या भिंतींवर 95-95 चढतात. कडेचा प्लँक तीन बाजूंनी टेकतो, वाकायला मोकळा राहत नाही, आणि पोकळीच्या वर लांबीने बारीक चीर जायची भीती. त्या 110 साठी एक अख्खा प्लँक घ्यायचाच कशाला?

ए-101: मग 110 ची फट ठेवायची?

सी-302 कुलकर्णी काका: ती फटच कामाची आहे. कडेचे प्लँक भिंतीवर फक्त 20-20 चढवा, खालून फट दिसू नये एवढ्यापुरते. म्हणजे अंतर 4340 झालं. मधले 12 सांधे 10-10 चे ठेवा, 120. आणि एकच सांधा रुंद ठेवा: 4340 वजा 4060 वजा 120, म्हणजे 160. त्यात खाली 10 च्या दोन सळ्या आणि एम-20 काँक्रीट. खालून फळीचं शटरिंग, आठ-दहा दिवस टेकू.

पंपाची केबल आणि 63 चा व्हेंट पाइप वर जाणार आहे ना? तो त्याच पट्टीतून, भिंतीपासून फूटभर आत. प्लँकला हॅमर लावायचा नाही, सळई तुटते.

डी-403 शिंदे ताई: पट्टीचा अजून एक उपयोग. साच्यातून प्लँक 290 चे 293 येतात. 14 × 3 म्हणजे 42 मिमी सरकलं. पट्टी 160 ची 118 होते, बाकी काही बिघडत नाही. पण मग 63 चा पाइप आणि दोन सळ्यांना जागा अगदी अडचणीची होते. म्हणून माल उतरताना पाच-सहा प्लँक मोजा. रुंद निघाले तर पाइप 50 चा करा. सळ्यांचं इंजिनिअरकडून एकदा बघून घ्या.

बी-204 नाईक: म्हणजे ऑर्डर 14?

सी-302 कुलकर्णी काका: बसवायला 14, मागवायचे 15. एखादा उतरवताना फुटला तर नवा ओतून पक्का व्हायला महिना जातो, तोवर खोली उघडी.

आणि फुटतो तो बहुधा उचलतानाच. सळ्या फक्त खालच्या बाजूला असतात. मध्ये पट्टा टाकून उचलला की वरचा भाग ताणात येतो आणि वरून चिरतो. पट्टे टोकांपासून दीड-दोन फुटांवर. थप्पी लावतानाही लाकडी ठोकळे टोकांजवळ, एकावर एक ओळंब्यात. कोणती बाजू वर, ते खडूने लिहायला सांगा.

ए-101: सांधे वाळू-सिमेंटने भरले तर चालेल?

डी-403 शिंदे ताई: 10 मिमीच्या आतली बारीक खडी घेऊन एम-20 करा. सांधा वर रुंद असतो, सरासरी 25 धरली तर 12 सांध्यांना 0.12 घनमीटर, पट्टीला 0.06. सिमेंट दीड गोणी. टोकांच्या काँक्रीटचा हिशेब वेगळा. भरण्याआधी धूळ झाडून सांधे ओले करा. कोरड्या सांध्यात काँक्रीटचं पाणी प्लँक शोषून घेतो, ते कडेपासून सुटतं, आणि छताखाली दर 300 वर सरळ चिरा दिसायला लागतात.

प्लँकखाली 1:3 मसाल्याचा 10 मिमी थर हवा. ठेवल्यावर चालून बघा, डगमगला तर उचलून परत बसवा.

सी-302 कुलकर्णी काका: आणि पोकळ्यांची तोंडं बसवण्याआधी बंद करा. नाहीतर टोकाचं काँक्रीट आत पळतं आणि बांधणीची जागा पोकळ राहते. पावसाचं पाणी आत साचलं असेल तर प्रत्येक पोकळीला खालून 8-10 मिमीचं छिद्र, सळई टाळून, साध्या ड्रिलने. पाऊस थांबल्यावर आठवड्याने एकाच सरळ रेषेत थेंब टपकायला लागले, तर ते पोकळीतलं पाणी. वरून कितीही वॉटरप्रूफिंग करा, थांबत नाही.

ए-101: ठीक. ठेकेदाराला कळवतो: लांबी 3.00, नग 15, पट्टी 160, पाइप पट्टीतून.

डी-403 शिंदे ताई: "रुंदी 290, मोजून घेणार" हेही लिहा.