पार्किंगमधला चार्जर: फ्लॅटच्याच मीटरवरून की वेगळ्या मीटरवर?

कर्वेनगरकर: पुण्यात 42 फ्लॅटची सोसायटी आहे. गाडीसोबत 7.2 किलोवॉटचा चार्जर मिळतोय. मीटर रूमपासून माझं पार्किंग केबलच्या मार्गाने 45 मीटर. कमिटी म्हणते वेगळं मीटर घ्या, वायरमन म्हणतो फ्लॅटच्या मीटरवरूनच ओढू. कोणाचं ऐकू?

फेज_न्यूट्रल: वायरमनचं ऐकू नका. 7.2 किलोवॉट म्हणजे सुमारे 32 अँपिअर, तेही सलग चार-पाच तास. महावितरणचं सिंगल फेज कनेक्शन 40 अँपिअरपर्यंतच मिळतं. रात्री एसी चालू असताना कोणी गीझर लावला की मीटरजवळचा एमसीबी पडणार. मग वायरमन मोठा एमसीबी बसवून देतो आणि तापते ती आतली जुनी वायर. शिवाय स्लॅब बघा. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे साधारण 150 युनिट. घराची 220 धरली तर 370 होतात आणि 300 च्या वरची 70 युनिट महागड्या स्लॅबात जातात. वेगळ्या मीटरला वाहन चार्जिंगचा स्वतंत्र दर असतो.

साधा_हिशोब: स्लॅबचं बरोबर, पण वेगळ्या मीटरचा स्थिर आकार गाडी उभी असली तरी भरावा लागतो, तो कुठे धरलात? आणि 7.2 हवंच कशाला? रोज 40 किलोमीटर फिरणाऱ्याला 6 युनिट लागतात. 3.3 किलोवॉटवर दोन तासांचं काम. स्वतःची गाडी घराच्या मीटरवर चार्ज केली तर दर घरगुतीच लागतो, त्यात बेकायदा काही नाही. फक्त साधं 16 अँपिअरचं सॉकेट लावू नका, रोजच्या सलग लोडने त्याची पिन वितळते. निळं इंडस्ट्रियल सॉकेट घ्या.

सचिव_ब_विंग: तुमचं मीटर, तुमचं सॉकेट, ठीक. पण केबल जाते कॉमन जागेतून. आज एकाची, उद्या दहाजणांच्या दहा केबली छताला लोंबणार. आमच्याकडे दरवर्षी पार्किंगची चिठ्ठी काढतात. पुढच्या वर्षी जागा बदलली की भिंतीवरचा चार्जर कोणाचा? म्हणून आम्ही सरळ नाही म्हणतो.

नियमावर_बोट: सरळ नाही म्हणता येत नाही. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत 2024 साली दुरुस्ती झाली, त्यानुसार मागणी केली तर वीज कंपनीला वाहनासाठी वेगळं कनेक्शन द्यावं लागतं. सोसायटीची परवानगी लागतच नाही.

फेज_न्यूट्रल: अर्धं खरं. नियम वीज कंपनीला बांधतो. मीटर रूमच्या भिंतीवर जागा, केबलचा मार्ग, पार्किंगचं वाटपपत्र हे सोसायटीच देणार. उघडं आणि स्टिल्ट पार्किंग बिल्डरला विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितलंय, त्यामुळे ‘माझी जागा’ हा दावा लंगडाच. अर्जातच नेमकं लिहा: किती किलोवॉट, कुठलं मीटर, केबल कोणत्या ट्रेमधून जाणार, काम परवानाधारक कंत्राटदार करणार, जागा बदलली तर काढण्याचा खर्च माझा. मोघम अर्जाला मोघम नकार येतो.

दुचाकीवाली_मावशी: माझी स्कूटरची बॅटरी मी वर घरात आणून लावते. एवढं रामायण कशाला?

साधा_हिशोब: मावशी, गाडीची बॅटरी तीनशे-चारशे किलोची. लिफ्टच बंद पडेल.

तारतम्य: मुख्य गोष्ट राहिलीच. 45 मीटरला 6 स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल टाकली तर 32 अँपिअरवर जवळजवळ 9 व्होल्ट वाटेत जातात. संध्याकाळी मुळातच दाब 210 असेल तर चार्जरपाशी 201 उरतात. काही चार्जर अशा वेळी वेग कमी करतात, काही थांबतात, आणि माणूस गाडीला दोष देतो. 10 ची आर्मर्ड केबल टाका, घट पाचेक व्होल्टवर येते. दुसरं, दुकानात आरसीसीबी मागितला की सहसा एसी टाइपचा हातात ठेवतात. गाडीच्या चार्जरमधून गळणाऱ्या डीसी करंटने तो आंधळा होतो, गळती असूनही पडत नाही. टाइप ए, 30 मिलिअँपिअर घ्या आणि चार्जरमध्ये 6 मिलिअँपिअरचं डीसी संरक्षण आहे का ते त्याच्या माहितीपत्रकात बघा. नसेल तर टाइप बी. पहिल्याच दिवशी अर्थ फॉल्टचा लाल दिवा लागला तर चार्जर बदलायला धावू नका. आधी न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजा. दोन-तीन व्होल्टच्या बराच वर गेला तर मीटर रूमची अर्थिंग तपासून घ्या.

सचिव_ब_विंग: हे सगळं प्रत्येकाने आपापलं करायचं? त्यापेक्षा सोसायटीने एकच मोठं कनेक्शन घेऊन पार्किंगमध्ये एक पॅनेल लावावं, प्रत्येकाला सबमीटर.

साधा_हिशोब: कल्पना चांगली. पण आज गाड्या तीन आणि पॅनेल वीसजणांचं. पैसे 42 जणांनी भरायचे की तिघांनी?

सचिव_ब_विंग: तिथेच आमची सभा दोनदा तहकूब झाली.

कर्वेनगरकर: तूर्तास 3.3, फ्लॅटच्या मीटरवरून. केबल मात्र 10 चीच टाकतो, पुढे वेगळं मीटर घेतलं तर तीच वापरता येईल. अर्ज उद्या देतो.

फेज_न्यूट्रल: केबल 10 ची असली तरी मीटरजवळचा एमसीबी 20 चाच ठेवा. आणि 10 ची तार त्या निळ्या सॉकेटात बसणार नाही, मध्ये जंक्शन बॉक्स लागेल.